परिचय करून देणाऱ्या सहकाऱ्याला काय लिहून पाठवावं?

प्रश्न: आमच्या महाविद्यालयात २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम आहे. पाहुण्या तरुण कथालेखिका आहेत, साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालेल्या. इतिहास विभागातले एक ज्येष्ठ सर त्यांचा परिचय करून द्यायला तयार झालेत. त्यांना मेसेज करायचाय. बायोडेटा फॉरवर्ड केला तर पुरेल का? किती वेळ बोलायचं, कसं बोलायचं हे ज्येष्ठांना सांगणं आगाऊपणा वाटेल का?

उत्तर:

बायोडेटा फॉरवर्ड करू नका. तो नोकरीसाठी नाहीतर अनुदानासाठी लिहिलेला असतो. जन्मतारखेपासून हजेरी लावलेल्या कार्यशाळांपर्यंत सगळं त्यात असतं. सरांच्या हातात चार पानं पडली तर ते चारही पानं वाचतील, कारण त्यातलं काय गाळलं तर चालेल हे त्यांना ठाऊक नसतं आणि पाहुण्यांचा अपमान होण्याची जोखीम ते कशाला घेतील? गाळण्याचं काम संयोजकाचं, म्हणजे तुमचं. शिवाय बरेच बायोडेटा अजूनही जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाईप केलेले येतात आणि मोबाईलवर उघडले की नुसती चिन्हं दिसतात. सर तुम्हाला तसं कळवणार नाहीत, नेटवर शोधतील. चुका तिथून सुरू होतात.

आगाऊपणाबद्दल: ज्येष्ठांना ‘तीन मिनिटांत संपवा’ म्हटलं तर नक्कीच वाटेल. तेच कार्यक्रमाची अडचण म्हणून सांगितलं तर वाटत नाही. ‘साडेबाराला विज्ञानाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स आहेत, सव्वाबारानंतर ती उठायला लागतात, म्हणून भाषण ११.२५ ला सुरू व्हायला हवं’ हे ऐकलं की शिक्षक माणूस स्वतःच हिशोब करतो. कारण मात्र खरं असावं. खोटं कारण स्टाफरूममध्ये दुपारपर्यंत टिकत नाही.

मेसेज लिहिण्याआधी पाहुण्यांना एक फोन करा. ‘तुमची माहिती पाठवा’ हा त्या फोनचा विषय नाही, माहिती तुमच्याकडे आहेच. विचारायचं ते असं: नावाचा उच्चार कसा, नाव कसं घेतलेलं आवडतं, भाषणाची सुरुवात कशाने करणार आहात, आणि परिचयात कशाचा उल्लेख नको. शेवटचा प्रश्न संकोचाने बहुतेक जण विचारतच नाहीत, पण त्यालाच सर्वांत कामाची उत्तरं मिळतात. कुणाला वय नको असतं, कुणाला जुनी नोकरी नको असते, कुणाला घरच्यांचा विषय नको असतो. बायकांच्या परिचयात ‘घरसंसार, नोकरी सांभाळून’ हे शब्द इतक्या सहज येतात की ते नको असतील तर आधीच सांगावं लागतं. पुरुष लेखकाने घर कसं सांभाळलं हे कोणी मंचावरून सांगत नाही.

आता मेसेज. खाली मी भरलेला तपशील नमुन्याचा आहे, तुमच्या पाहुण्यांशी बोलून तो बदला. रचना मात्र शक्यतो अशीच ठेवा.

‘नमस्कार सर,

परिचयासाठी होकार दिलात, मनापासून आभार. लागणारं सगळं याच मेसेजमध्ये आहे, वेगळी फाईल उघडायला नको.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी. आपण १०.४५ ला प्राचार्यांच्या केबिनमध्ये आलात तर चहाच्या वेळी ताईंची भेट होईल. ११ ला सुरुवात. क्रम: प्रतिमापूजन, राज्यगीत, विभागप्रमुख मॅडमचं प्रास्ताविक, मग आपण, मग सत्कार, मग ताईंचं भाषण. आपण साधारण ११.१५ ला उभे राहाल. साडेबाराला विज्ञानाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स असल्याने भाषण ११.२५ ला सुरू व्हावं अशी आखणी आहे. त्यात सत्काराची सातेक मिनिटं जातात, म्हणजे परिचयाला तीन मिनिटं मिळतात. लिहून काढलं तर साधारण तीनशे शब्द.

दिनाचं महत्त्व, कुसुमाग्रज आणि अभिजात दर्जा हे मॅडम प्रास्ताविकात घेणार आहेत. ताईंबद्दल त्या बोलणार नाहीत, तो भाग पूर्ण आपला.

ताईंचा विषय ‘बोलीतून लिहिताना’ असा आहे. पहिली कथा कशी सुचली या आठवणीनेच त्या सुरुवात करणार आहेत, त्यामुळे तो किस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवू या.

ताईंशी बोलून आणि पुस्तकं बघून पक्की केलेली माहिती:
नाव पत्रिकेत आहे तसंच, मधलं नाव न घेता. आडनावातला ‘ज’ ‘जाळं’मधला, ‘जेवण’मधला नव्हे. त्यांच्याच आवाजातली छोटी क्लिप खाली जोडली आहे.
पुरस्कार: साहित्य अकादमी युवा पुरस्कार, पहिल्या कथासंग्रहाला. ‘युवा’ शब्द वगळू नये अशी त्यांचीच विनंती आहे.
दोन कथासंग्रह प्रकाशित. कादंबरी लिहिणं चालू आहे, तिचा उल्लेख नको.
जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. पीएचडीचं काम सुरू आहे, म्हणून नावाआधी ‘डॉ.’ नाही.
वय आणि कुटुंब यांचा उल्लेख नको. ‘श्रीमती’ नको म्हणाल्या, नुसतं नाव किंवा ‘ताई’ चालेल.
यापलीकडे नेटवर काही दिसलं आणि घ्यावंसं वाटलं तर एकदा मला विचारा, मी ताईंना विचारून सांगते.

पुस्तकाची प्रत उद्या आपल्या कप्प्यात ठेवते. खूण घातलेली कथा आठ पानांची आहे. तिच्याबद्दल दोन-चार वाक्यं आपल्या नजरेतून आली तर परिचय वेगळा होईल. गावातल्या जुन्या वाड्याचे कागद त्या कथेत येतात, म्हणून तुमचंच नाव सुचलं.

शेवटी ताईंचं पूर्ण नाव घेऊन थांबलात की सूत्रसंचालक लगेच सत्कार पुकारेल.

बुधवारी संध्याकाळपर्यंत मसुदा पाठवलात तर नाव-सालं तेवढी मी ताडून घेईन. पोडियमवर मोठ्या अक्षरातली प्रिंट ठेवलेली असेल.’

मेसेज लांब आहे, मान्य. पण सरांना दुसरीकडे कुठे काही शोधावं लागत नाही आणि तीन दिवसांत पाच वेळा ‘अजून एक सांगायचं राहिलं’ असे मेसेज जात नाहीत. व्हॉट्सॲपवर अशा तुकड्यातुकड्यांच्या सूचना आल्या की माणूस शेवटचीच लक्षात ठेवतो. कार्यक्रमाच्या साधारण आठवडाभर आधी पाठवा. त्याहून आधी पाठवला तर खाली सरकून हरवतो, दोन दिवस आधी पाठवला तर कथा वाचायला वेळ उरत नाही.

वेळेचा हिशोब शब्दांत सांगितला आहे तो मुद्दाम. तीन मिनिटं म्हणजे किती हे बोलणाऱ्याला उभं राहिल्यावर कळत नाही. मंचावरून सावकाश, थांबत बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. ‘तीनशे शब्द’ म्हटलं की ते कागदावर मोजता येतं. तरी आपल्याकडे परिचय लांबण्याचं मुख्य कारण बोलणाऱ्याची हौस हे नसतं, एकच गोष्ट तीन माणसांना वाटून दिलेली असते हे असतं. प्रास्ताविक करणारे पाहुण्यांबद्दल बोलतात, परिचय करणारे दिनाबद्दल बोलतात, आणि मधल्या जागेत सूत्रसंचालक दोघांचं थोडं थोडं चारोळीसह पुन्हा सांगतो. प्रत्येकजण आपापल्या वेळेत असतो आणि तरी पाहुणे माईकसमोर येईपर्यंत पाऊण तास गेलेला असतो. म्हणून ‘मॅडम काय घेणार आहेत’ ही ओळ सरांच्या मेसेजमध्ये हवी, आणि ‘पाहुण्यांबद्दल सर बोलणार आहेत’ ही ओळ मॅडमना आणि सूत्रसंचालकालाही जायला हवी. एकालाच सांगून भागत नाही.

सुराबद्दल मेसेजमध्ये सरळ उपदेश नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘फार स्तुती करू नका, पण कोरडंही नको’ अशा वाक्याचा कोणालाच उपयोग होत नाही. तुमच्या प्रसंगातली खरी अडचण वेगळी आहे: परिचय करणारे ज्येष्ठ आहेत आणि पाहुण्या वयाने त्यांच्या विद्यार्थ्यांएवढ्या. अशा वेळी सूर आपोआप कौतुकाच्या थापेकडे झुकतो. ‘होतकरू’, ‘नवोदित’, ‘एवढ्या लहान वयात’, ‘पुढे फार मोठी होईल’ हे सगळं प्रेमाने म्हटलेलं असतं, पण समोरची मुलं पाहुण्यांकडे वक्त्या म्हणून न बघता बक्षीस मिळालेली विद्यार्थिनी म्हणून बघायला लागतात. त्यावर उपाय म्हणजे सरांना वाचायला आठ पानं देणं. कथा वाचलेला माणूस लेखिकेच्या वयाबद्दल बोलत नाही, कथेबद्दल बोलतो. इतिहासाच्या माणसाला जुन्या कागदांची कथा दिलीत तर तो असं काही बोलेल जे मराठीच्या प्राध्यापकालाही सुचलं नसतं. न वाचता केलेल्या परिचयात मात्र ‘सूर्याला काजवा काय दाखवणार’ आणि ‘ज्यांना परिचयाची गरज नाही’ हे हटकून येतं. गरज नसेल तर पुढची तीन मिनिटं कशासाठी, असा प्रश्न मागच्या बाकावर पडतोच.

आता तपासणी, कारण या पाहुण्यांच्या बाबतीत घसरण्याच्या जागा नेमक्या ठाऊक आहेत. साहित्य अकादमीचे पुरस्कार एकाहून अधिक आहेत. मुख्य साहित्य अकादमी पुरस्कार वेगळा, १९८९ पासूनचा अनुवाद पुरस्कार वेगळा, २०१० पासूनचा बालसाहित्य पुरस्कार वेगळा, आणि २०११ पासून पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी दिला जाणारा युवा पुरस्कार वेगळा. बोलताना या सगळ्यांचं ‘साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त’ होऊन जातं. बोलणाऱ्याला वाटतं आपण मान वाढवला. पाहुण्यांना मात्र खुर्चीत अवघडल्यासारखं होतं: दुरुस्ती करावी तर सरांचा अपमान, गप्प बसावं तर नसलेला पुरस्कार आपण मिरवतोय असं. कधीकधी त्या भाषणाची पहिली दोन मिनिटं हे निस्तरण्यात घालवतात.

दुसरी जागा म्हणजे पुरस्कार कशाला मिळाला. अकादमीचा मुख्य पुरस्कार विशिष्ट पुस्तकाला असतो आणि ते पुस्तक लेखकाचं सर्वांत गाजलेलं असेलच असं नाही. भालचंद्र नेमाडे यांना १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथाला मिळाला. परिचयात मात्र तो सर्रास ‘कोसला’च्या खात्यावर टाकला जातो, कारण बोलणाऱ्याला तेच नाव आधी आठवतं. सालाचंही तसंच. पुरस्कार ज्या सालाचा आणि जाहीर झाला ते साल वेगळं असू शकतं: नेमाडे यांचा ज्ञानपीठ २०१४ चा, पण तो जाहीर झाला फेब्रुवारी २०१५ मध्ये. एका बातमीत एक साल, दुसरीत दुसरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. म्हणून पुरस्काराचं साल बातमीतून न घेता संस्थेच्या स्वतःच्या यादीतून घ्यावं, आणि पुस्तकाचं साल पुस्तकातूनच, मुखपृष्ठामागच्या त्या पानावरून जिथे प्रथमावृत्ती छापलेली असते. ऑनलाइन दुकानात दिसणारं साल पुष्कळदा दुसऱ्या आवृत्तीचं किंवा पुनर्मुद्रणाचं असतं.

तिसरी जागा नावाआधीची. पीएचडी चालू असताना ‘डॉ.’ लावणं म्हणजे पाहुण्यांना त्यांच्या मार्गदर्शकांपुढे अडचणीत आणणं. मानद पदवीवरून ‘डॉ.’ लावू नये असाच संकेत आहे. तुमच्या पाहुण्यांना लागू नाही, पण पुढे कधी पद्म पुरस्कार मिळालेले पाहुणे आले तर ‘पद्मश्री अमुक’ असं नावाला जोडून पुकारू नका, पत्रिकेतही छापू नका. हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत आणि ते नावाच्या आधी किंवा नंतर उपाधीसारखे वापरू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. ‘अमुक साली पद्मश्रीने सन्मानित’ असं वाक्यात सांगायला काही हरकत नाही.

उच्चाराची क्लिप हा लाड वाटेल, पण देवनागरीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात. पत्रिकेत नाव शुद्ध छापलं तरी उच्चार त्यातून कळत नाही. दहा सेकंदांची क्लिप त्यावर पुरते.

बुधवारी मसुदा आला की तुम्हाला त्यात काय दिसेल, ते आत्ताच सांगतो. ‘मराठी राजभाषा दिनानिमित्त’ असं असेल. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. मराठी राजभाषा दिन १ मे चा. तुमच्या स्वतःच्या फ्लेक्सवर काय छापलंय तेही याच निमित्ताने बघून घ्या. ‘सर्वांत तरुण’ किंवा ‘पहिल्याच’ असा शब्द कुठेतरी असेल. पहिले, एकमेव, सर्वांत तरुण हे तिन्ही शब्द दिसले की विचारायचं: यादी कोणी पाहिली? पाहिली नसेल तर शब्द काढायचा, वाक्य तेवढ्याने पडत नाही. आणि पहिला परिच्छेद भाषेच्या थोरवीवर असेल, जो मॅडमच्या प्रास्ताविकात आधीच झालेला असणार.

दुरुस्त्या कळवताना मसुद्यावर लाल शाई फिरवू नका. तथ्याच्या चुका तेवढ्या फोनवर सांगा: ‘सर, पुरस्काराच्या नावात ‘युवा’ राहिलंय, आणि फ्लेक्सवर गौरव दिन आहे, तसंच ठेवू या का?’ भाषा, विशेषणं, एखादी संस्कृत ओळ, हे त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या. तीनशेचे साडेतीनशे शब्द झाले तरी बोलू नका. पाचशे झाले तर मात्र पहिल्या परिच्छेदाबद्दल सांगा: ‘मॅडमकडेही हेच आहे, तुमची कथेवरची वाक्यं फार छान झालीत, थेट तिथूनच सुरू करू या का?’ हे बहुतेक वेळा खरंही असतं.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर काय, हे मेसेजमध्ये मुद्दाम घातलेलं नाही. आधी सांगितलं तर आपला भाग कापला जाणार अशीच भावना होते. पण प्रिंट काढताना मधला परिच्छेद वेगळ्या कागदावर येईल असं बघा. पहिल्या कागदावर नाव, काम आणि पुरस्कार, दुसऱ्यावर पुस्तकांचा तपशील, तिसऱ्यावर कथेवरची वाक्यं आणि शेवट. मंत्री किंवा संस्थेचे पदाधिकारी वीस मिनिटं उशिरा आले तर सरांना हळूच ‘मधला कागद राहू दे’ एवढंच म्हणता येतं. पुस्तकांची नावं मुलांना पत्रिकेतही वाचता येतात, कथेवरची वाक्यं दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत.

प्रिंट सोळाच्या टाईपात, एका बाजूला छापलेली, पानांना आकडे घातलेली. मोबाईलवरून वाचायचा आग्रह सरांनी धरला तर धरू द्या, पण कागद पोडियमवर ठेवाच, कारण स्क्रीन नेमकी नावाच्या वाक्यावर काळी होते. चहाच्या वेळी सर आणि पाहुण्या एकत्र बसल्या की तुम्ही तिथे थांबा. गप्पांत पाहुण्या काही नवीन बोलून जातात, ‘परवाच दुसरा एक पुरस्कार जाहीर झाला’ वगैरे, आणि सर ते मंचावर घेणार हे नक्की. त्यांच्यासमोरच विचारून टाका: ‘ताई, हे सांगितलेलं चालेल ना?’ हो म्हणाल्या तर पुरस्काराचं पूर्ण नाव सरांच्या कागदावर पेनाने लिहून द्या.